एक कप, दोन कप, कितीही कप

पणजीत मळा नावाच्या भागाच्या बाजूला माझा लहानसा कॅफे आहे. दोघांची सहा टेबलं, चौघांची तीन आणि रस्त्याकडच्या खिडकीला लागून चार उंच स्टुलं. सगळी मिळून अठ्ठावीस माणसं बसतात. मी मूळची पेडण्याची, शाळा मराठीतून झाली, त्यामुळे दारातल्या फळ्यावर काय लिहायचं ते मीच ठरवते आणि खडूने मीच लिहिते. मराठी वर, खाली इंग्रजी, आणि सणासुदीला कोकणीची एक ओळ.

२०२३ च्या फेब्रुवारीत त्या फळ्यावर मी लिहिलं होतं: ‘जोडीने या, डेझर्ट मोफत! फक्त कपल्ससाठी.’ दोन कॉफी घेतल्या की केकचा एक तुकडा आमच्याकडून. आजूबाजूला सगळीकडे तशाच पाट्या होत्या, म्हणून मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. शिवाय १४ तारखेला दोघांच्या सहाही टेबलांवर ‘रिझर्व्ड – कपल’ असे दुमडलेले कार्ड उभे केले होते.

आमच्याकडे एक निवृत्त शिक्षिका रोज चारच्या सुमारास येतात. सगळे त्यांना बाई म्हणतात. खिडकीजवळचं दोघांचं टेबल, एक चहा, पुढ्यात वर्तमानपत्र. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली. त्या दिवशी चार वाजून गेले, बाई आल्या नाहीत. गर्दीत माझ्या ते लक्षातही आलं नाही. नंतर तीन आठवडे त्या फिरकल्या नाहीत, तेव्हा आजारी वगैरे असतील म्हणून मी घरी गेले. बाई ठणठणीत होत्या. म्हणाल्या, “अगं, आले होते ना मी. पाटी तुझ्याच अक्षरातली होती. वाचली, टेबलावरचं ते कार्ड काचेतून दिसलं, आणि परत फिरले.” रागाने नाही म्हणाल्या. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

मग मी काउंटरवरच्या मुलाला, तो डिचोलीचा आहे, त्या दिवशी आणखी काय काय झालं ते विचारलं. त्याने सांगितलं ते ऐकून मला झोप लागली नाही. दोघी बहिणी आल्या होत्या, त्यांना त्याने विचारलं, “तुम्ही कपल आहात का?” त्या हसल्या आणि पूर्ण पैसे देऊन गेल्या. एक आई आणि तिचा मोठा मुलगा आले, त्यांना विचारणं त्याच्या जिवावर आलं, म्हणून न विचारता डेझर्ट दिलं. दोन तरुण मुलगे आले. ऑफर वाचली, एकमेकांकडे पाहिलं आणि काहीच न बोलता साध्या दोन कॉफी मागवल्या. ते मित्र होते की जोडीदार, हे विचारायचा आम्हाला काय अधिकार? पण पाटीनेच त्या मुलावर ते विचारायची वेळ आणली होती. चूक त्याची नव्हती.

म्हणून २०२४ ची ऑफर मी डिसेंबरातच लिहायला घेतली. तिचे तीन खर्डे झाले. कोणत्या खर्ड्यात कुठे अडलं ते सविस्तर सांगते, कारण अडचण दयाळूपणाची नव्हती, शब्दांची आणि हिशेबाची होती.

पहिल्या खर्ड्यात मी तीन ओळी केल्या. कपल्ससाठी मोफत डेझर्ट. मित्रमैत्रिणींसाठी चार कॉफींवर एक पॅटीस मोफत. सिंगल्ससाठी ‘स्वतःवर प्रेम करा’ आणि दहा टक्के सूट. सगळ्यांना घेतलं, असं मला वाटलं. मग पाटी लावण्याआधी मी ती चौघांना वाचून दाखवली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: “यात तुम्हाला काय मिळेल?” ‘आवडली का’ असं मुद्दाम विचारलं नाही. आवडली का म्हटलं की लोक हो म्हणतात.

सांत इनेजला राहणारी एक ओळखीची आहे, नवरा जहाजावर. गोव्यात अशी किती घरं आहेत ते इथल्या माणसाला सांगायला नको. सहा-सहा, नऊ-नऊ महिने घरचा माणूस समुद्रावर असतो. ती म्हणाली, “ताई, मी सिंगल नाही. आणि कपल म्हणून येऊही शकत नाही. मी कुठल्या ओळीत बसू?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. घटस्फोट चालू असलेल्याने कुठे बसायचं? ज्याने अजून विचारलेलं नाही आणि जिने अजून हो म्हटलेलं नाही, त्या दोघांनी कपलच्या ओळीत बसायचं की मित्रांच्या? ती दोघं तर कॅफेत त्यासाठीच येतात, आणि आम्ही दारातच त्यांना निकाल मागणार.

दुसरी गोष्ट काउंटरवरच्या मुलाने दाखवली. तो म्हणाला, “मॅडम, माणसाने काउंटरवर येऊन ‘मला सिंगलवाली ऑफर द्या’ असं म्हणायचं का?” तो प्रसंग डोळ्यांसमोर आणा. मागे रांग आहे, आजूबाजूला जोड्या बसल्यात, आणि पस्तिशीचा एक माणूस सदतीस रुपयांच्या सुटीसाठी मोठ्याने सांगतोय की माझं कोणी नाही. कोणीही सांगणार नाही. म्हणजे कागदावर सवलत आहे, पण ती घेणं शक्य नाही.

हे सदतीस रुपये कुठून आले ते पाहिलं तेव्हा मला जास्त लाज वाटली. आमच्याकडे कार्डावरचे भाव करासहित असतात. कॅपुचिनो १८०, केकचा तुकडा १९०. एकट्या माणसाने दोन्ही घेतलं तर ३७०, त्यावर दहा टक्के म्हणजे ३७ सूट. जोडी दोन कॉफी आणि एक तुकडा घेते, ते एरवी ५५० चं, ऑफरमध्ये ३६० ला. म्हणजे सूट १९० ची. टक्क्यांत पाहिलं तर एकाला दहा आणि दोघांना जवळजवळ पस्तीस. ‘स्वतःवर प्रेम करा’ हे शब्द कितीही गोड असले तरी आकडा सांगत होता की तुझं प्रेम कमी भावाचं.

आणि २०२३ ला तर एकट्याला काहीच नव्हतं. एका कपाला बीन्स, दूध, साखर, टिश्यू धरून मला साधारण तीस रुपये लागतात, केकच्या तुकड्याला सत्तर. पाच टक्के जीएसटी बाजूला काढला तर जोडीच्या ३६० मधले माझ्या हाती ३४३ येत, माल १३० चा. शंभरातले अडतीस मालावर. एकट्याच्या ३७० मधले ३५२ येत, माल १०० चा. शंभरातले अठ्ठावीस. सरळ भाषेत, जोडीच्या मोफत डेझर्टचा भार एकटा येणारा उचलत होता. बाईंसारखी माणसं उचलत होती. हा हिशेब मी दुकान चालवताना कधी केला नव्हता, कारण महिन्याचा ताळा बरोबर येत होता.

दुसऱ्या खर्ड्यात मी नाती काढून टाकली आणि माणसं मोजली. ‘एकटे या, दोघे या, चौघे या. दर तोच.’ इथे मराठीने अडवलं. ‘दोघे’ म्हटलं की दोन पुरुष, किंवा पुस्तकी भाषेत पुरुष आणि बाई. ‘दोघी’ म्हटलं की दोन बायका. ‘दोघं’ म्हटलं की कानाला नवराबायको ऐकू येतात. इंग्रजीत एका शब्दात भागतं, आपल्याकडे आकड्यालाही लिंग आहे. कोकणीतही तेच, एकटो, एकटी, एकटें. तिन्ही लिहीत बसले तर फळा भरला असता, आणि एकच लिहिला तर कोणीतरी बाहेर राहिलं असतं.

‘एकटे’ या शब्दाचं तर वेगळंच. आपण ‘एकटा’ म्हणतो तेव्हा संख्या सांगत नाही, अवस्था सांगतो. ‘बिचारा एकटा राहतो’ या वाक्यात ‘बिचारा’ नसला तरी तो ऐकू येतो. आणि त्याला ‘च’ लागला की संपलंच. “एकटेच आलात?” हा प्रश्न आमचा मुलगा दिवसातून दहादा विचारायचा, फक्त किती पाण्याचे ग्लास ठेवायचे ते कळावं म्हणून. त्या एका ‘च’मध्ये काय आहे ते मी स्वतः मडगावच्या एका हॉटेलात एकटी जेवायला गेले तेव्हा मला कळलं होतं, आणि तरी माझ्याच काउंटरवर तो इतकी वर्षं चालू होता.

तेव्हा माणसं मोजण्याऐवजी कप मोजायचे असं ठरवलं. कपाचं नातं कोणी विचारत नाही. ‘एक कप, दोन कप, चार कप.’ वाचताक्षणी एकट्यालाही त्यात जागा आहे, दोघांनाही आहे, कंपूलाही आहे, आणि कोणालाही आपली ओळख सांगावी लागत नाही. फोटोही तसाच काढला. २०२३ ला बाईच्या आणि पुरुषाच्या हातात हात असलेला होता. २०२४ ला लाकडी टेबलावर वरून काढलेले कप, हात नाहीत.

पण मग माझी पुतणी म्हणाली, “काकू, हे व्हॅलेंटाइनचं आहे हे कळणार कसं? हे तर पावसाळ्यातही चाललं असतं.” तिचं बरोबर होतं. सगळ्यांना सामावण्याच्या नादात मी प्रेमात पडलेल्यांनाच पुसून टाकलं होतं. ज्यांचा तो आठवडा हक्काचा आहे, त्यांना वाटायला हवं की हे आपल्यासाठीही आहे. म्हणून खाली एक ओळ घातली: ‘प्रेमात असाल, मैत्रीत असाल, किंवा स्वतःच्या संगतीत – या.’ ‘एकटे असाल’ऐवजी ‘स्वतःच्या संगतीत’ हा शब्द बाईंनी दिला. आणि क्रियापद ‘या’ ठेवलं. ‘आलास तर’, ‘आलीस तर’ असं काही लिहिलं की पुन्हा लिंग येतं. आज्ञार्थातलं ‘या’ सगळ्यांना चालतं, वयाने मोठ्यांनाही.

एक ओळ मात्र मी लिहून काढून टाकली. ‘कोण कोणाचं, हे आम्ही विचारत नाही.’ मला ती फार आवडली होती. जहाजावाल्याच्या बायकोने वाचली आणि म्हणाली, “हे वाचल्यावर वाटतं की एरवी विचारतात.” जे करायचं नाही ते पाटीवर लिहायचं नसतं. ते काउंटरवरच्या मुलाला सांगायचं असतं.

दराचं काय करायचं ते शेवटपर्यंत ठरत नव्हतं. एक पेय आणि एक तुकडा मिळून ३०० असं जोडून द्यावं असं पहिल्यांदा वाटलं. पण जोड्या बऱ्याचदा एकाच तुकड्यात दोन चमचे घालतात. त्यांनी दुसरा तुकडा नको असताना का घ्यायचा? शेवटी सगळ्यात साधं केलं. त्या आठवड्यात कुठलंही गरम पेय १५०, केकचा कुठलाही तुकडा १५०, करासहित. हवं ते, हवं तेवढं. एक कप आणि एक तुकडा ३००, त्यातले कर जाऊन हाती २८६ च्या आसपास, माल १०० चा, म्हणजे शंभरातले पस्तीस. चौघं चार कप आणि दोन तुकडे घेतात, तरी प्रत्येक वस्तूमागे सूट तीच. जास्त माणसांना जास्त सूट दिली नाही, कारण ती दिली की एकट्याचा कप पुन्हा महाग होतो.

याचा तोटा झाला तो सांगते. २०२३ ला येऊन गेलेली एक जोडी आली. दोन कॉफी आणि एक तुकडा तेव्हा ३६० ला पडला होता, आता ४५० ला. त्यांनी विचारलंच. मी सांगितलं की गेल्या वर्षी तुमचं डेझर्ट एकट्या येणाऱ्यांच्या पैशातून येत होतं, यंदा प्रत्येकाला सारखं केलंय. मुलीला पटलं. मुलाला पटलं नाही, तो नाराज होऊनच गेला. त्याला नाराज व्हायचा हक्क होता. त्याच्यासाठी खरंच महाग झालं होतं.

आता गोव्याची गोष्ट. मी तारखांकडे नीट पाहिलंच नव्हतं. आमच्याकडे केक आणि पॅटीस करणाऱ्या आंटी ताळगावच्या. जानेवारीत मी त्यांना दाखवलं की १४ तारखेला केकबरोबर चिकन पॅटीसही ऑफरमध्ये ठेवायचं. त्यांनी कॅलेंडर उलटलं आणि म्हणाल्या, “बाय, त्या दिसा गोबराचो बुधवार. मास खायनात.” घाटावरच्या मराठी माणसाच्या कानाला ‘गोबर’ वेगळा ऐकू येईल, पण कोकणीत गोबर म्हणजे राख. २०२४ मध्ये १४ फेब्रुवारीलाच भस्म बुधवार होता, त्या दिवशी ख्रिस्ती लोक चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतात आणि चाळीस दिवसांचा उपवासाचा काळ, कोरेज्म, सुरू होतो. त्या दिवशी मांस वर्ज्य. मोठी माणसं एकदाच पोटभर जेवतात. त्याआधीचे चार दिवस, १० ते १३, कार्निव्हल. आणि १३ तारखेला, मंगळवारी, माघी गणेश जयंती, म्हणजे आपल्याकडच्याही कित्येकांचा उपास. १४ ला वसंत पंचमीही होती.

माझी पाटी तेव्हा म्हणत होती ‘१४ फेब्रुवारी विशेष’. गोव्यात त्या वर्षी एका तारखेवर बोट ठेवणं म्हणजे गावातल्या बऱ्याच लोकांना, त्यातल्या प्रेमात असलेल्यांनाही, सांगणं की हे तुमच्यासाठी नाही. मी नाती पुसत बसले होते आणि धर्म नजरेतून सुटला होता. आंटी शेजारी रोज पीठ मळत होत्या, आणि मी त्यांना पहिल्या चौघांत विचारलंही नव्हतं.

मग तारीख बदलून ‘७ ते १४ फेब्रुवारी, कुठल्याही दिवशी’ केली. १३ आणि १४ ला चिकन पॅटीस काढून मशरूमचं केलं. ते चाललं, कारण भस्म बुधवारी वर्ज्य असतं ते फक्त मांस. अंडं आणि दूध चालतं. ज्यांना अंडं नको त्यांच्यासाठी केकच्या भावात दोदोल ठेवलं. माडाचा गूळ, नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, काजू, त्यात अंडं नाही की दूध नाही. आणि मंगळवारी उपास असलेल्यांना काहीच न खाता नुसता चहा घेता आला तो कपाचा भाव वेगळा ठेवल्यामुळे. हे मी योजलं नव्हतं. पेय आणि तुकडा मिळून तीनशे असं ठेवलं असतं तर उपासवाल्याला न खाल्लेल्या केकचे पैसे द्यावे लागले असते.

सात दिवसांची नावं, रोझ डे, प्रपोज डे, टेडी डे, हग डे, किस डे, ती वापरायची नाहीत असं ठरवलं. त्यातलं फक्त ९ तारखेचं चॉकलेट डे घेतलं, कारण चॉकलेट कोणीही खातं. त्या दिवशी आंटींनी चॉकलेटचे दोन ट्रे जास्त केले, एवढंच. गुलाबही बंद केले. २०२३ ला आमचा मुलगा टेबलापाशी जाऊन ‘मॅडम’ला गुलाब द्यायचा. दोन मुलगे बसलेले असले की गुलाब हातात घेऊन तसाच परत यायचा, आणि ते सगळ्यांना दिसायचं. २०२४ ला बाजारातून अबोली आणली आणि प्रत्येक टेबलावर, स्टुलांसमोरही, वाटीत पाण्यावर ठेवली. हातात कोणाच्याच दिली नाही. कोणी माळली, कोणी पाहिली.

प्रत्येक टेबलाला काहीतरी छोटं हवं होतं. मी पणजीच्या मुख्य टपाल कचेरीत गेले आणि पन्नास पैशांची दोनशे पोस्टकार्डं घेतली. शंभर रुपये. कल्पना अशी की ज्याला लिहावंसं वाटेल त्याला लिहा, पेन आमचं, पत्ता तुमचा, टपालात आम्ही टाकू. प्रियकराला लिहा, आईला लिहा, शाळेतल्या मैत्रिणीला लिहा. पहिल्या दिवशी सतरा कार्डं टेबलांवर ठेवली, चारच लिहून झाली. बाकीची लोकांनी हातात घेतली, उलटसुलट केली आणि ठेवून दिली. एका मुलीने सांगितलं तेव्हा कळलं. पोस्टकार्ड उघडं. आमच्या काउंटरवरून जाणार, पोस्टमन वाचणार, आणि घरी पोचल्यावर पहिलं कोण वाचणार ते माहीत नाही. ज्याचं प्रेम घरच्यांना माहीत आहे, त्याच्यासाठीच ते होतं. दुसऱ्या दिवशी मी अडीच रुपयांची अंतर्देशीय पत्रं आणली, दीडशे, तीनशे पंचाहत्तर रुपयांची. घडी घाला, डिंक लावा, बंद. आठवडा संपेपर्यंत त्यातली अकराच उरली होती.

काउंटरवर काय बोलायचं तेही मुलाबरोबर बसून ठरवलं. माणूस आत आला की दोन प्रश्न, “किती कप?” आणि “कुठे बसाल?” फोनवर बुकिंगलाही तेच, “किती जण?” गोव्यात क्लबवाल्यांमुळे ‘कपल की स्टॅग?’, म्हणजे जोडीने की एकटा पुरुष, असं विचारायची सवय सगळ्यांच्या तोंडात बसलीय, ती आमच्या मुलाच्याही होती. दोनदा निसटलं. मेनू प्रत्येकाला वेगळा द्यायचा आणि बिल टेबलाच्या मधोमध ठेवायचं. पुरुषासमोर बिल सरकवण्याने बाईला काय वाटतं हे मला त्याला समजावून सांगावं लागलं, आणि एकदा सांगितल्यावर तो स्वतःहून इतर गोष्टी सुचवायला लागला. अजून कोणी येणार आहे का, हे विचारायचं नाही, असं त्यानेच सांगितलं.

७ तारखेला, बुधवारी, फळा लागला. ‘एक कप, दोन कप, चार कप.’ दुपारी कॉलेजच्या तीन मुली दारात थांबल्या. वाचलं, आपापसात काही बोलल्या, पुन्हा वाचलं. मी आतून पाहत होते. मला वाटलं येतील. त्यातली एक दार अर्धं उघडून म्हणाली, “ताई, आम्ही तिघी आहोत. तीन कपांना ऑफर नाही का?”

दोन महिने मी शब्द घासत होते आणि तीन हा आकडा राहून गेला होता. कपल, कंपू, एकटा, या तीन चौकटी मी वरून पुसल्या होत्या, पण माझ्या डोक्यात त्या तशाच होत्या. एक म्हणजे सिंगल, दोन म्हणजे जोडी, चार म्हणजे मित्रांचं टेबल. यादी केली की यादीत नसलेलं माणूस दारात थांबतं, मग यादी कशाचीही असो. मी बाहेर गेले, ओल्या फडक्याने ‘चार’ पुसला आणि तिथे ‘कितीही’ लिहिलं. फळा ओला होता म्हणून खडू नीट उमटला नाही. त्या मुलींनीच फुंकर घालून वाळवला आणि वरून गिरवला. ते अक्षर आठवडाभर वेगळं दिसत राहिलं.

शनिवारी १० ला चित्ररथांची मिरवणूक, रस्ते बंद, संध्याकाळी आत कोणी आलंच नाही. दिवस फुकट गेला. त्या दिवशी चाळीस तुकडे आंटींनी करून ठेवले होते, त्यातले सव्वीस उरले. पुढच्या वेळी कार्निव्हलच्या शनिवारी निम्मेच करायचे.

बिलं नंतर वेगळी काढून पाहिली. एका कपाची बिलं मला वाटली होती त्यापेक्षा खूप जास्त होती, आणि बहुतेक दुपारी तीन ते सहा या वेळातली, आमच्याकडे एरवी माश्या मारायची वेळ. एकटी येणारी माणसं बहुतेक गर्दी टाळूनच येतात. त्यांच्यासाठी मी वेगळा काही खर्च केला नव्हता, फक्त दार बंद केलं नव्हतं.

एक गाठ मात्र सुटली नाही. १४ तारखेला संध्याकाळी साडेसात ते साडेनऊ. दोघांची टेबलं सहाच. एक माणूस बसला की एक खुर्ची रिकामी राहते आणि दारात दोघं उभी असतात. एकट्याला सांगायचं का, स्टुलावर बसा? सांगितलं की सगळं लिहिलेलं खोटं. म्हणून वेळ सगळ्यांना सारखी बांधली, त्या दोन तासांत कोणालाही सव्वा तास, आणि ते बुकिंग घेतानाच सांगितलं. त्या संध्याकाळी नऊ जण एकेकटे आले. त्यातले पाच स्वतःहून खिडकीच्या स्टुलांकडे गेले, कारण तिथून रस्ता दिसतो आणि समोर अबोलीची वाटी होती. चौघांनी टेबल मागितलं, चौघांना दिलं. त्यामुळे दारातून दोन जोड्या परत गेल्या. त्याचं मला वाईट वाटतं, आणि त्यावर उपाय अजून सापडलेला नाही. खिडकीला आणखी दोन स्टुलं बसतात का ते सुताराला दाखवलंय.

बाई १४ ला आल्या, नेहमीच्या वेळी, चारला. टेबलावर कार्ड नव्हतं. मुलाने विचारलं, “किती कप?” त्या म्हणाल्या एक. मग दोदोल मागवलं, अर्धं खाल्लं, अर्धं बांधून घेतलं. अंतर्देशीय घेऊन तब्बल पाऊण तास लिहीत होत्या. पाठपोट भरलं, तेव्हा दुसरं मागितलं. घडी घालताना मी पत्ता पाहिला नाही. दोन्ही मी संध्याकाळच्या टपालात टाकली.